काविळीसोबत हुडहुडी भरली तर

कावीळ झाली की आपल्याकडे आजही अनेक घरांत आधी माळ घातली जाते. विषाणूंमुळे होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळतं. पण डोळे पिवळे, हुडहुडी भरून ताप आणि उजव्या बरगडीखाली कळ हे तिन्ही एकत्र आलं, तर माळेत घालवलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात. फ्रेंच वैद्य शार्को यांनी 1877 मध्ये नोंदवलेलं हे त्रिकूट म्हणजे पित्तनलिकेतल्या जंतुसंसर्गाची खूण.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या बाई. जेवणानंतर पोटात कळ येऊन ती उजव्या खांद्यामागे जायची, पण ‘ॲसिडिटी’ म्हणून गोळी घेऊन वेळ निभावली जायची. खरं तर पित्ताशयात खडे होते. त्यातला एक घसरून मुख्य पित्तनलिकेत अडकला. पित्त तुंबलं, रक्तात मिसळलं. डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली. तुंबलेल्या पित्तात आतड्यातले जंतू वाढले आणि नलिकेतला दाब वाढल्यावर थेट रक्तात शिरले. हुडहुडी भरते ती यामुळे.

रक्तात बिलिरुबिन 6 निघालं, जे एरवी 1 च्या आसपास असतं. पांढऱ्या पेशी 18,000. सोनोग्राफीत पित्तनलिका 11 मिलिमीटर रुंद दिसली. एरवी ती साधारण 6 पर्यंत असते. खडा मात्र दिसला नाही. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमुळे अनेकदा झाकलं जातं, म्हणून रिपोर्टात खडा नाही यावर निर्धास्त होऊ नये. फुगलेली नलिका पुढच्या अडथळ्याकडेच बोट दाखवते. अशा वेळी एमआरसीपी हा एमआरआयचा प्रकार उपयोगी पडतो.

शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, पण तेवढ्यावर भागत नाही. तुंबलेलं पित्त वाहतं करावंच लागतं. त्यासाठी ईआरसीपी करतात. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेऊन, नलिकेच्या मुखाशी छोटा छेद देऊन खडा ओढून काढतात. रुग्णाची तब्येत फारच नाजूक असेल तर फक्त स्टेंट ठेवून पित्ताला वाट करून देतात. या प्रक्रियेनंतर काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते, हा धोका आधी समजून घ्यावा. पित्ताशय पुढे शस्त्रक्रियेने काढतात, नाहीतर दुसरा खडा घसरू शकतो.

यकृताच्या आजारांचं चित्र थोडं वेगळं असतं. विषाणूंच्या काविळीत ताप आधी येतो आणि डोळे पिवळे होईपर्यंत बहुधा उतरलेला असतो. यकृतात अमिबामुळे गळू झालं, तर ताप आणि दुखणं जोरात असतं, बरगड्यांमध्ये दाबलं की कळ येते, पण डोळे काहींचेच पिवळे होतात. तिथे मेट्रोनिडाझोल आणि गरज पडली तर सुईने पू काढणं, हा उपचार असतो.

म्हाताऱ्या माणसांत मात्र तिन्ही खुणा एकत्र दिसतीलच असं नाही. ताप नाही, पोटही फारसं दुखत नाही. माणूस नुसता असंबद्ध बोलू लागतो, रक्तदाब उतरतो. सोबत डोळे पिवळे दिसत असतील तर सकाळची वाट न बघता, रात्रीच ईआरसीपीची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.