शिक्षणकर्जाचे व्याज : सवलत नेमकी कुणाच्या पदरात?

पोराला इंजिनिअरिंगला किंवा पोरीला नर्सिंगला घालायचे म्हणून आपण बँकेची पायरी चढतो. त्या वेळी कुणीतरी सांगतेच, ‘काळजी करू नका, या कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट आहे.’ सूट आहे हे खरे. पण ती आपल्या घरात कुणाला लागू पडेल, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच पाहायला हवे.

मुळात सरकार ही सूट का देते? किराणा दुकानदाराने माल भरायला कर्ज काढले तर त्याचे व्याज तो खर्चात धरतो आणि उरलेल्या नफ्यावरच कर भरतो. कमाईसाठी झालेला खर्च आधी वजा करायचा, हा करआकारणीचा साधा नियम. नोकरदाराचे भांडवल म्हणजे त्याचे शिक्षण. ते कर्ज काढून उभे केले, तर त्याचे व्याजही कमाईचाच खर्च नव्हे काय? या विचाराने १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ८०-ई आणले. तेव्हा मुद्दल आणि व्याज दोन्ही ठरावीक मर्यादेपर्यंत वजा होत. २००५ च्या वित्त कायद्याने मुद्दल वगळले आणि व्याजावरची मर्यादा काढून टाकली. यातही तर्क आहे. कर्जाची रक्कम हातात येते तेव्हा तिला कुणी उत्पन्न म्हणत नाही, मग ती परत करताना खर्च तरी कशी म्हणायची? खरा खर्च व्याजाचाच.

आता आपल्या घरचा हिशेब पाहा. समजा, वडिलांची फक्त उसाची शेती आहे आणि कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे त्यांना वजावटीचा उपयोग शून्य. पुढे मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि त्याने पगारातून हप्ते भरले, तरी कर्जदार तो नाही म्हणून त्यालाही सूट नाही. व्याज भरूनही सवलत दोघांच्याही हातची गेली! कारण नियम असा, की ज्याने कर्ज घेतले त्यानेच आपल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरले पाहिजे. म्हणून कर्जात शिकणाऱ्याचे नाव कर्जदार म्हणून असल्याची खात्री करा. वडील नोकरदार असतील तर मात्र मुलांसाठी स्वतः काढलेल्या कर्जावर त्यांनाही सूट मिळते.

कर्ज कुठून काढले यालाही महत्त्व आहे. बँक, सरकारने अधिसूचित केलेली वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था, एवढ्यांचेच कर्ज चालते. पतसंस्थेचे, सावकाराचे किंवा मामाकडून घेतलेले चालत नाही. पीककर्ज उचलून फी भरली, तर ते कागदोपत्री शिक्षणासाठीचे कर्ज ठरत नाही. शिवाय शिक्षण बारावीनंतरचे हवे. दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा त्यात बसत नाही.

वर्षांचीही एक मेख आहे. ज्या वर्षी पहिल्यांदा व्याज भरले, ते धरून आठच वर्षे सूट मिळते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला सुरुवात केली, तर मुलाची चार वर्षे कॉलेजातच संपतात आणि कमाईला लागेपर्यंत चारच उरतात. म्हणून आधी व्याज भरूच नये असे मात्र नव्हे. थकलेले व्याज मुद्दलात मिळून पुढचा हप्ता फुगतो, तेव्हा दोन्ही बाजू बँकेत बसून मांडून पाहाव्यात.

शेवटी मोठा प्रश्न : कर वाचतो किती? मुलाचा वर्षाचा पगार ७ लाख आणि भरलेले व्याज ७० हजार धरू. जुन्या करपद्धतीत पगारातून ५० हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ६ लाख ५० हजार उरतात. त्यावर सेससह कर ४४ हजार २०० रुपये. व्याज वजा केले की तो २९ हजार ६४० होतो, म्हणजे १४ हजार ५६० वाचले. पण नव्या पद्धतीत, आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी, याच पगारावर कर शून्य आहे! नव्या पद्धतीत ही सूट मिळत नाही, आणि या मुलाला तिची गरजही नाही. सूट खरी कामी येते ती मोठा पगार, मोठे कर्ज आणि घरभाड्यासारख्या इतर वजावटी असलेल्यांना. म्हणजे ज्याची कमाई बेताची, त्याच्या व्याजाचा भार ही सवलत हलका करत नाही, हे ओळखूनच कर्जाची रक्कम ठरवा.

ज्यांना लागू आहे त्यांनी दरवर्षी मार्चनंतर बँकेकडून व्याज आणि मुद्दल वेगवेगळे दाखवणारा दाखला घ्यावा. नुसत्या हप्त्याच्या पावतीवर व्याज किती, हे कळत नाही.