एअरोटरच्या आतली बाजू

किडलेला दात कोरताना शिट्टीसारखा आवाज करणाऱ्या हत्याराला दंतवैद्यांच्या दवाखान्यात एअरोटर म्हणतात. ते हवेच्या दाबावर चालते. त्याच्या डोक्यातले इवलेसे चाक मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते, त्याबरोबर टोकाला बसवलेला बर फिरतो, आणि दात तापू नये म्हणून शेजारच्या बारीक भोकांतून पाण्याचा फवारा येत राहतो. बाहेरून हे हत्यार गुळगुळीत, भरीव दिसते. आतून मात्र ते हवेच्या आणि पाण्याच्या नळ्यांनी पोकळ आहे, आणि त्याच्या स्वच्छतेचा सगळा प्रश्न या पोकळीचा आहे.

डॉक्टर पॅडलवरचा पाय उचलतात तेव्हा हवा बंद होते, पण चाक लगेच थांबत नाही. ते क्षणभर फिरत राहते आणि तेवढ्या वेळात उलट ओढ तयार होऊन तोंडातली लाळ, रक्ताचा अंश आत खेचला जातो. हल्लीच्या बऱ्याच हँडपीसमध्ये ही ओढ रोखणारी झडप असते, पण झडप झिजते. त्यामुळे स्पिरिटच्या बोळ्याने बाहेरून पुसलेला एअरोटर चकचकीत दिसला, तरी पुढच्या रुग्णाच्या तोंडात पहिला फवारा जातो तो आतून. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २००३ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितले आहे की, प्रत्येक रुग्णानंतर हँडपीस काढून उष्णतेने निर्जंतुक करावा. कमी वेगाचाही त्याला अपवाद नाही.

काम संपले की एअरोटर लगेच काढायचा नसतो. तो नळीला जोडलेला असतानाच वीस ते तीस सेकंद हवा-पाणी सोडून चालवायचा, म्हणजे आत खेचले गेलेले बरेचसे बाहेर पडते. मग बर काढायचा आणि हँडपीस बाहेरून ओल्या कापडाने नीट पुसायचा. त्याला पाण्यात किंवा औषधात बुडवून ठेवायचे नाही, कारण आतली बेअरिंग खराब होतात. त्यानंतर, उत्पादकाने सांगितले असेल त्याप्रमाणे, मागच्या बाजूने तेलाचा स्प्रे मारायचा. डोक्याजवळ पांढरा टिश्यू धरला तर आधी करडे-काळपट तेल येताना दिसते. ते स्वच्छ येईपर्यंत स्प्रे मारायचा. मग हँडपीस थोडा चालवून जादा तेल झटकून टाकायचे. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, आणि मग निर्जंतुक झालेल्या पाकिटावर तेलाचे डाग उमटतात. तेलाचा थर असेल तिथे वाफ धातूला नीट भिडत नाही.

बाकीच्या हत्यारांची, म्हणजे आरसे, प्रोब, चिमटे यांची वाट थोडी वेगळी. त्यांच्यावरचे रक्त वाळू द्यायचे नाही, म्हणून ती लगेच एन्झाइमच्या द्रावणात टाकतात आणि मग अल्ट्रासॉनिक यंत्रात झाकण लावून साफ करतात. इथे कडकडीत पाणी वापरायचे नाही. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो, तसे रक्तातले प्रथिन धातूला चिकटून बसते. यंत्र नीट चालते का, हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी चालू यंत्रातल्या पाण्यात थोडा वेळ उभी धरायची. सगळीकडे सारखी टोचे-भोके पडली तर यंत्र ठीक. एखादा पट्टा कोरा राहिला, तर त्या जागी हत्यारे साफ होतच नाहीत.

मळ राहिला तर पुढची कितीही उष्णता कमी पडते. म्हणून धुतलेले हत्यार उजेडात पाहून, कोरडे करून मगच पाकिटात घालतात. या पाकिटाची एक बाजू कागदाची, दुसरी प्लॅस्टिकची. वाफ आत जाते ती कागदातून.

ऑटोक्लेव्हमध्ये मारक काम वाफ करते. ती थंड धातूवर निवते तेव्हा तिच्यातली उष्णता एकदम सुटते आणि जंतूंची प्रथिने गोठतात. पण त्यासाठी वाफ तिथे पोचली पाहिजे, आणि तिच्या वाटेत हवा असते. साध्या, उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफ हवेला खाली ढकलून बाहेर काढते. भरीव चिमट्यासाठी ते पुरते. एअरोटरच्या बारीक नळीत मात्र हवा अडकून बसते. काट्यावर १२१ अंश दिसतात, ते भांड्यातले. नळीच्या आतल्या तापमानाबद्दल काटा काही सांगत नाही. 'क्लास बी' प्रकारची यंत्रे आधी पंपाने हवा ओढतात, वाफ सोडतात, पुन्हा ओढतात, असे दोन-चारदा करून मगच १३४ अंशांवर जातात आणि तिथे किमान तीन मिनिटे राहतात. पोकळ हत्यारांसाठी माझ्या मते हेच यंत्र घ्यावे, महाग असले तरी.

यंत्र हे काम खरेच करते का, याची परीक्षाही आहे. दीड मीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद नळीच्या बंद टोकाशी एक रंगपट्टी ठेवतात. पट्टीचा रंग पूर्ण बदलला, तर वाफ शेवटपर्यंत पोचली. याउलट पाकिटावर छापलेली खूण तपकिरी झाली, तर पाकीट यंत्रातून गेले एवढेच कळते. खरा निकाल लागतो तो जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूच्या बीजाणूंवर. त्यांची पट्टी आठवड्यातून एकदा हत्यारांबरोबर ठेवतात, नंतर उबवून काही वाढते का ते पाहतात. रुग्णाने डॉक्टरांना या चाचणीबद्दल जरूर विचारावे.

पाकिटे यंत्रात आडवी रचू नयेत, उभी लावावीत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय हात लावू नये. ओल्या कागदातून बोटांवरचे जंतू आत झिरपतात. वाळलेली पाकिटे बंद, कोरड्या कपाटात ठेवायची, सिंकखाली कधीच नाही. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत निळ्या उजेडाची यूव्ही पेटी असते. तिचा उजेड पडेल तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. नळीच्या आत तो जात नाही. साठवणीला ती चालेल, निर्जंतुकीकरणाला नाही.

हे सगळे माहीत असूनही स्पिरिटचा बोळा चालतो, कारण हँडपीस कमी असतात. एका खुर्चीचा दवाखाना घ्या. संध्याकाळी पाच ते नऊ, दर अर्ध्या तासाला रुग्ण, प्रत्येकाला एअरोटर लागतो. पहिला हँडपीस साडेपाचला मोकळा झाला, पुसून-तेल घालून पाच चाळीसला यंत्रात गेला. वाळवणीसह पन्नास मिनिटे आणि निवायला दहा, म्हणजे सहा चाळीस. मध्ये दार उघडता येत नाही, म्हणून दुसरा आणि तिसरा पुढच्या फेरीत जातात आणि सात चाळीसला हाती येतात. पहिला परत वापरायला मिळतो तो सातच्या रुग्णाला, तोवर चार लागलेले असतात. साडेसातच्या रुग्णासाठी पाचवा हवा. आठ रुग्णांना पाच हँडपीस, हे त्या दवाखान्याचे किमान गणित. दोनच असतील, तर सहाच्या रुग्णाच्या वेळी काय होते ते सांगायला नको.

आणि फेरी चालू असताना वीज गेली, तर यंत्रातले सगळे अनिर्जंतुक धरायचे. हीटरचा भार साध्या इन्व्हर्टरला सहसा झेपत नाही. वीज आली की पाकिटे फोडून नवी घालायची आणि फेरी पहिल्यापासून लावायची. उरलेल्या मिनिटांपासून नव्हे.