बापूंची वाट, अण्णांचं कुलूप

अण्णांचं शेत डांबरी रस्त्याला लागून आहे आणि बापूंचं त्याच्या मागे. बापूंना आपल्या रानात जायचं तर अण्णांच्या शेतातून, बांधाच्या कडेने जावं लागतं. आधी बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर जातो. संबंध चांगले होते तोवर या वाटेचा प्रश्न कुणाला पडला नाही. मग कशावरून तरी बिनसलं आणि अण्णांनी वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं. बापू म्हणाले, "या वाटेवर माझा हक्क आहे." अण्णा म्हणाले, "जमीन माझ्या नावावर आहे, कुलूप लावायचा हक्क माझा."

अण्णा आणि बापू काल्पनिक आहेत, भांडण मात्र खरं आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तहसील कचेरीत असे अर्ज पडलेले असतात. दोघंही हक्काचंच बोलतात, पण दोघांचा दावा एकाच गोष्टीचा नाही. अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक वेस्ली होफेल्ड यांनी नेमका हाच गुंता सोडवायला घेतला होता. 1913 साली 'येल लॉ जर्नल'मध्ये त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला आणि 1917 मध्ये त्याचा पुढचा भाग. 1918 मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, ते वारले. त्यांचं म्हणणं असं होतं की न्यायालयं ज्याला सरसकट हक्क म्हणतात, त्यात चार निरनिराळी नाती मिसळलेली असतात. प्रत्येक नातं दोन माणसांमधलं असतं. म्हणून एकाकडे काय आहे हे सांगताना समोरच्याकडे त्याच्या जोडीचं काय आहे, हेही सांगावंच लागतं. अण्णांच्या वाटेवर ही चारही नाती भेटतात.

मुभा: जाऊ शकतो, पण मागू शकत नाही

समजा, पंधरा वर्षांपूर्वी अण्णा म्हणाले होते, "बापू, लांबून कशाला फिरता? जा की माझ्या शेतातून." पैसे नाहीत, कागद नाही, नुसती तोंडी परवानगी. तिने काय घडलं? आदल्या दिवशी बापू त्या वाटेने गेले असते तर ती घुसखोरी ठरली असती. दुसऱ्या दिवसापासून ती घुसखोरी राहिली नाही. याला मुभा म्हणू. बापूंना मुभा आहे, म्हणजे ते वाटेने गेले तर अण्णांना त्याबद्दल तक्रार करता येत नाही. एका बाजूला मुभा, दुसऱ्या बाजूला तक्रारीला जागा नसणं, अशी ही पहिली जोडी.

मुभेची मर्यादाही इथेच कळते. पावसाळ्यात वाटेवर चिखल झाला तर "मुरूम टाका" असं बापू अण्णांना सांगू शकत नाहीत. अण्णांनी कडबा उतरवायला गाडी तासभर वाटेत उभी केली, तर नुसत्या मुभेच्या बळावर "बाजूला घ्या" असंही हक्काने म्हणता येत नाही. भारतीय सुखाधिकार कायदा 1882 चा आहे. मुंबई इलाख्याला तो 1891 पासून लागू झाला. त्याच्या 52व्या कलमात अशा परवानगीची व्याख्या आहे. एरवी बेकायदा ठरलं असतं असं काही दुसऱ्याच्या जमिनीवर करू देणं, पण त्या जमिनीत कसलाही हितसंबंध निर्माण न करणं, असा तिचा आशय आहे. बापूंच्या पायाखालची जमीन पूर्णपणे अण्णांचीच राहते.

हक्क आणि कर्तव्य

वाटेच्या कडेला अण्णांची एक जुनी पडकी विहीर आहे. तिचा कठडा ढासळलाय, तोंडावर गवत माजलंय. अण्णांना ती माहीत आहे, बापूंना नाही. अंधार पडल्यावर बापूंचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन त्या बाजूने वळला तर? इथे त्याच कायद्याचं 57वं कलम लागतं. परवानगी देणाऱ्याला आपल्या जागेतला एखादा धोका ठाऊक असेल आणि परवानगी घेणाऱ्याला तो ठाऊक नसेल, तर तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. पुढच्या कलमानुसार, जागा धोकादायक होईल असं काही नव्याने करण्याचीही त्याला मनाई आहे. म्हणजे रागाच्या भरात रातोरात वाटेवर चर खणून ठेवता येणार नाही.

ही दुसरी जोडी, काटेकोर अर्थाने हक्क आणि कर्तव्य. विहिरीबद्दल सांगणं हे अण्णांचं कर्तव्य आणि ते सांगितलं जावं हा बापूंचा हक्क. ही एकाच नात्याची दोन टोकं आहेत. खरा हक्क ओळखायची होफेल्डची कसोटी यातूनच निघते: हा हक्क पाळण्यासाठी नेमकं कुणी काय करायचं किंवा टाळायचं आहे? त्या माणसाचं नाव घेता आलं नाही, तर आपण ज्याला हक्क म्हणतोय तो बहुधा दुसऱ्याच प्रकारचा असतो. बापूंची चूक इथेच होते. वाटेने जायची मुभा आहे, म्हणजे वाट खुली ठेवणं अण्णांचं कर्तव्य आहे, असं ते धरून चालतात. मुभेतून ते कर्तव्य निघत नाही. ते सिद्ध करायला वेगळा आधार लागतो.

अधिकार: एका कृतीने नातं बदलणं

आता कुलपाकडे येऊ. नुसती परवानगी अण्णांना केव्हाही काढून घेता येते. त्यासाठी नोटीसच द्यायला हवी असं नाही. कायद्याच्या 61व्या कलमाखाली उदाहरण दिलंय तेच मुळी शेतातल्या वाटेचं आहे: मालकाने परवानगी संपवण्याच्या हेतूने वाटेवरच्या फाटकाला कुलूप लावलं की परवानगी रद्द झाली.

कुलूप लावल्याने फाटक बंद झालंच, पण त्याबरोबर बापूंची कायदेशीर स्थितीही पालटली. सकाळी जे चालणं वैध होतं ते संध्याकाळी घुसखोरी झालं, आणि यासाठी बापूंची संमती कुणी विचारली नाही. दुसऱ्याची कायदेशीर स्थिती स्वतःच्या कृतीने बदलता येणं, याला होफेल्ड अधिकार म्हणतात. समोरच्याची स्थिती ती अधीनतेची. पंधरा वर्षांपूर्वी परवानगी दिली तेव्हा अण्णांनी हाच अधिकार वापरला होता. अधीन असणं म्हणजे नेहमी तोटाच, असं नाही.

या अधिकारालाही शिस्त आहे. कुलूप लागलं तेव्हा बापूंचा ट्रॅक्टर कांद्याच्या गोण्यांसह आत अडकला असेल, तर 63व्या कलमाप्रमाणे बाहेर पडायला आणि माल हलवायला वाजवी वेळ मिळणं हा त्यांचा हक्क आहे. अधिकार आणि हक्क असे एकाच प्रसंगात शेजारी उभे राहतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते.

अभय: जिथे अण्णांचा हात पोचत नाही

आता गोष्ट थोडी बदलू. वाटेत एक ओढा आहे. परवानगी मिळाल्यावर, तिच्याच भरवशावर, बापूंनी स्वतःच्या खर्चाने सिमेंटचे पाइप टाकून त्यावर काँक्रीटची मोरी बांधली. अण्णा रोज ते काम पाहत होते. 60वं कलम सांगतं की परवानगीनुसार वागून एखाद्याने खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर ती परवानगी काढून घेता येत नाही. दोघांत करार करून वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी.

आता अण्णांनी कुलूप लावलं तरी परवानगी संपत नाही. अधिकार वापरायला जावं आणि तो उरलेलाच नसावा, तशी त्यांची स्थिती होते. ही अण्णांची असमर्थता आणि बापूंचं अभय. कायद्याच्या पुस्तकात यालाच उन्मुक्ती म्हणतात. भांडण मग कामाच्या स्वरूपावर येतं. काँक्रीटची मोरी कायमचं काम ठरेल. दरवर्षी वाहून जाणारा मुरूम त्यात बसवणं अवघड आहे. बापूंनी सिमेंटच्या पावत्या जपून ठेवायला हव्या होत्या, त्या यासाठी.

अभय किती मोठं असू शकतं हे पाहायचं तर आपल्या राज्यघटनेचं तेरावं कलम पाहावं. मूलभूत हक्क हिरावून घेणारा कायदा राज्याला करता येणार नाही, असं ते सांगतं. राज्याने काय करायचं याहून, राज्याला काय करणं शक्यच नाही, हे तिथे ठरलं आहे. अण्णांच्या असमर्थतेची जातकुळी तीच.

मग वाट कुणाची?

बापू ज्याला हक्क म्हणतात तो त्यांना कधी मिळू शकतो? एक शक्यता वाटणीची. दोन्ही शेतं आजोबांच्या वेळी एकच होती, भावाभावांत वाटली गेली आणि मागच्या तुकड्याला पुढच्यातून गेल्याशिवाय वाटच उरली नाही, तर गरजेपोटी येणारा सुखाधिकार 13व्या कलमाने मिळतो. दुसरी शक्यता 15व्या कलमाची: 20 वर्षं उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून केलेली वहिवाट. यातली शेवटची अट सगळ्यांत जास्त वेळा आड येते. "अण्णांनी जा म्हटलं म्हणून मी जात होतो" असं बापूंनी साक्षीत सांगितलं की ती वर्षं हक्क म्हणून मोजली जात नाहीत. मुभा कितीही जुनी झाली तरी नुसत्या वयाने हक्क बनत नाही.

सुखाधिकार सिद्ध झाला तर मात्र चित्र पालटतं. वाट न अडवणं हे अण्णांचं कर्तव्य होतं आणि कुलपाने तो हक्क संपवायचा अधिकारही त्यांच्याकडे राहत नाही. बापूंना हक्क आणि अभय दोन्ही मिळतात. तेच फाटक आणि तेच कुलूप नुसत्या परवानगीच्या प्रसंगी कायदेशीर असतं, मोरीच्या प्रसंगी निष्फळ ठरतं आणि सुखाधिकाराच्या प्रसंगी कर्तव्यभंग होतं.

तातडीचा उपाय म्हणून बापू 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाऊ शकतात, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हक्काचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयातच होतो. दोन्हीकडे "हक्क आहे" एवढं म्हणून भागत नाही. वाटणीपत्र, जुनी खरेदीखतं, गावाचा नकाशा आणि मोरीच्या पावत्या यांतून चारपैकी कोणतं नातं उभं राहतं, ते दाखवावं लागतं.

हे सगळं शेजाऱ्याला पहिल्यांदा "जा" म्हणतानाच ठरवता येतं. नुसती मुभा द्यायची असेल तर साध्या कागदावर तसं लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मागच्या शेताला कायमची वाट द्यायची असेल तर तसा दस्त करून त्याची नोंदणी करावी. पुढे संबंध बिघडले तरी आपल्याकडे काय आहे आणि समोरच्यावर काय बंधन आहे, हे दोघांनाही आधीच ठाऊक असेल.