छेदात काय लिहिलं?

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची एक आडवी पट्टी झळकली. इंटरनेटवरच्या अगदी सुरुवातीच्या जाहिरातींमध्ये तिचं नाव घेतलं जातं. ती पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगतात. आज शंभरात एकाने क्लिक केलं तरी पुष्कळ जाहिरातदार खूश असतात. तेव्हा ती चीज नवी होती, एवढाच त्याचा अर्थ. पण हा ४४चा आकडा एक गोष्ट सांगत नाही: क्लिक करणाऱ्यांपैकी किती जण ग्राहक झाले?

डिजिटल मार्केटिंगच्या परीक्षेत विचारली जाणारी गणितं नेमकी याच फटीत शिरतात. गणित म्हणून ती सातवीच्या पुढची नाहीत. तरीही मुलं तिथे गुण घालवतात, आणि बहुतेक वेळा चूक छेदात असते.

एक नमुना घेऊ. रत्नागिरीचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या थेट विकण्यासाठी जाहिरात देतो, असं समजा. जाहिरात ८०,००० वेळा दिसली, १,२०० क्लिक आले, ३६ पेट्यांची ऑर्डर ३६ ग्राहकांनी दिली आणि खर्च झाला ९,००० रुपये.

क्लिक-थ्रू रेट म्हणजे दिसण्याच्या तुलनेत क्लिक. १,२०० भागिले ८०,०००, म्हणजे ०.०१५. याला शंभराने गुणलं की १.५ टक्के. घाईत ‘०.०१५ टक्के’ लिहिणारा इथेच शंभर पटींनी चुकतो, आणि पर्यायांच्या यादीत ते उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं.

कन्व्हर्जन रेटला छेद बदलतो. आता ८०,००० विसरायचे. दारात आलेले १,२०० लोक धरायचे. ३६ भागिले १,२००, म्हणजे ३ टक्के. जुन्या ८०,०००नेच भागलं तर ०.०४५ टक्के येतात. पर्यायांत हेही हमखास सापडतं.

तिसरा आकडा टक्क्यांत नसतो, रुपयांत असतो. एक ग्राहक मिळवायला किती पडले? ९,००० भागिले ३६, म्हणजे २५० रुपये. ९,०००ला १,२००ने भागलं तर साडेसात रुपये येतात. ती एका क्लिकची किंमत झाली, ग्राहकाची नव्हे. मात्र दोन्हींचं नातं आहे. साडेसातला ३ टक्क्यांनी, म्हणजे ०.०३ने भागलं की पुन्हा २५०च येतात. उत्तर तपासायला याहून सोपी वाट नाही.

हेच नातं उलट्या प्रश्नांत कामी येतं. ‘क्लिकची किंमत तीच ठेवून ग्राहकामागचा खर्च २००वर आणायचा असेल, तर कन्व्हर्जन रेट किती हवा?’ साडेसात भागिले २००, म्हणजे ३.७५ टक्के. त्याच १,२०० लोकांतून ३६ऐवजी ४५ ऑर्डर यायला हव्यात.

आता खरी गंमत. बागायतदाराने दुसरी जाहिरात केली, जरा भडक, ‘मोफत आंबे’ असं मोठ्या अक्षरांत. तीही ८०,००० वेळा दिसली, पण क्लिक आले २,४००. क्लिक-थ्रू रेट दुप्पट, ३ टक्के! क्लिकची किंमत तीच, म्हणून खर्च १८,०००. फुकटाच्या आशेने आलेली मंडळी किंमत पाहून परतली आणि ऑर्डर आल्या फक्त २४. कन्व्हर्जन रेट १ टक्का, ग्राहकामागे खर्च ७५० रुपये. जाहिरातीआधी पेटीमागे ३०० रुपये सुटत असतील, तर पहिल्या जाहिरातीत ५० रुपये उरतात आणि दुसरीत प्रत्येक पेटीला ४५० रुपयांचा खड्डा पडतो. ‘कोणती जाहिरात चांगली?’ असं विचारल्यावर पहिल्या टक्केवारीला भुलणारा विद्यार्थी इथे फसतो. धंद्यातही तसे फसतात.

आणखी एक सापळा सरासरीचा. एक जाहिरात १,००० वेळा दिसून ५० क्लिक मिळवते, म्हणजे ५ टक्के. दुसरी ९,००० वेळा दिसून ९०, म्हणजे १ टक्का. दोन्हींचा मिळून क्लिक-थ्रू रेट ३ टक्के नव्हे. आधी बेरीज, मग भागाकार: १०,०००त १४०, म्हणजे १.४ टक्के.

प्रश्नपत्रिकेत ‘कन्व्हर्जन’ म्हणजे काय ते ठरवून दिलेलं असतं. प्रत्यक्षात ते जाहिरातदार ठरवतो. कुणी फॉर्म भरला की मोजतो, कुणी पैसे जमा झाल्यावर. ९,००० रुपयांत ६० जणांनी फॉर्म भरले आणि त्यांतल्या १५ जणांनीच खरेदी केली, तर फॉर्ममागे १५० रुपये पडतात, ग्राहकामागे ६००. गूगल ॲड्समध्ये तर एका क्लिकनंतरची प्रत्येक कृती मोजायची की एकच, हेही निवडता येतं. ‘प्रत्येक’ निवडलं आणि एकाच माणसाने तीनदा ऑर्डर दिली, तर तीन कन्व्हर्जन धरले जातात. अशा हिशेबात कन्व्हर्जन रेट १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो.