43 सेकंदांचा खंड, 24 तासांचा गोंधळ

21 ऑक्टोबर 2018 च्या संध्याकाळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबचे तंत्रज्ञ नेटवर्कचं बिघडत चाललेलं ऑप्टिकल उपकरण बदलत होते. गिटहब म्हणजे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती सेवा. या नेहमीच्या कामात तिथल्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क 43 सेकंदांसाठी तुटला आणि लगेच पूर्ववतही झाला. सेवा मात्र त्यानंतर 24 तास 11 मिनिटं विस्कळीत राहिली. डेटाबेस एकापेक्षा जास्त प्रदेशांत ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाने याची कारणं समजून घ्यावीत अशी ही घटना आहे.

डेटाबेसची एक प्रत ‘प्रायमरी’ असते. नवी नोंद आधी तिच्यात होते. बाकीच्या प्रती, म्हणजे रेप्लिका, तिच्याकडून नोंदी उतरवून घेतात. गिटहबच्या प्रायमरी पूर्व किनाऱ्यावर होत्या आणि त्या वापरणारे बरेचसे अ‍ॅप्लिकेशनही तिथेच होते. पश्चिम किनाऱ्यावर रेप्लिका होत्या. संपर्क तुटताच प्रायमरीवर लक्ष ठेवणाऱ्या ‘ऑर्केस्ट्रेटर’ या प्रणालीच्या उरलेल्या सर्व्हरांनी आपसांत बहुमत जमवलं. पूर्वेचं डेटा सेंटर दिसत नाही, हे पाहून त्यांनी पश्चिमेच्या रेप्लिकांना प्रायमरी करून टाकलं. यालाच फेलओव्हर म्हणतात, आणि तो नेमून दिलेल्या नियमांनुसारच झाला होता.

पण पूर्वेच्या डेटाबेसमध्ये शेवटच्या काही सेकंदांत झालेल्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. आणि संपर्क परत आल्यावर नव्या नोंदी पश्चिमेला होऊ लागल्या, जवळजवळ 40 मिनिटांच्या. आता दोन्हीकडे अशा नोंदी होत्या, ज्या दुसरीकडे नव्हत्या. परत पूर्वेला यावं तर पश्चिमेच्या नोंदी जाणार, पश्चिमेला राहावं तर वेग जाणार.

वेग का जाणार? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. दोन किनाऱ्यांमध्ये सुमारे 4000 किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन किमान 40 मिलिसेकंद लागतात. एखादं पान तयार करताना डेटाबेसला एकापाठोपाठ 50 प्रश्न विचारावे लागत असतील, तर नुसत्या प्रवासातच 2 सेकंद गेले. पूर्वेच्या अ‍ॅप्लिकेशनला प्रत्येक नोंदीसाठी देश ओलांडणं झेपेना. शेवटी गिटहबने सेवेच्या वेगापेक्षा डेटा शाबूत ठेवण्याला महत्त्व दिलं. बॅकअपमधून पूर्वेचा डेटाबेस पुन्हा उभा केला, त्यात पश्चिमेच्या नोंदी उतरवून घेतल्या आणि मगच प्रायमरी परत आणली. कित्येक टेराबाइटचे बॅकअप उतरवायलाच तासन्‌तास गेले.

पश्चिमेची प्रत क्षणोक्षणी बरोबरीने ठेवली असती तर? मग प्रत्येक नोंद पश्चिमेची पोच आल्याशिवाय पक्की धरता येत नाही. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही प्रत्येक नोंदीमागे किमान 40 मिलिसेकंदांचा भुर्दंड, आणि मधला दुवा तुटला तर लिहिणंच ठप्प.

आता आपल्याकडचं पाहू. समजा, एखाद्या सेवेचे जवळपास सगळे ग्राहक महाराष्ट्रात आहेत. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई आणि हैदराबाद असे दोन प्रदेश भारतात आहेत. अशा सेवेची प्रायमरी मुंबईत असावी. त्याच प्रदेशातल्या दुसऱ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या वीजपुरवठ्यावर, बरोबरीने चालणारी प्रत ठेवावी. हे अंतर इतकं कमी असतं की पोच यायला एक-दोन मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे इथला फेलओव्हर आपोआप होऊ द्यायला हरकत नाही. हैदराबादची प्रत किंचित मागून चालली तरी चालेल. ती महापूर किंवा अख्खा प्रदेश बंद पडणं अशा प्रसंगांसाठी आहे.

ही दूरची प्रत प्रायमरी करायची की नाही, हे मात्र माणसाने ठरवावं. त्याच्यासमोर एक आकडा सतत हवा: हैदराबाद मुंबईच्या किती सेकंद मागे आहे. तो 3 सेकंद असेल, तर आता तिकडे जाणं म्हणजे 3 सेकंदांच्या नोंदींवर पाणी सोडणं. पाच मिनिटांत मुंबई परत येणार असेल, तर थांबणं बहुतेकदा स्वस्त पडतं. आणि जायचंच ठरलं, तर अ‍ॅप्लिकेशनही हैदराबादेत तयार हवेत. नुसता डेटाबेस हलवला, तर पुन्हा तोच दूरचा हेलपाटा. कितीच्या वर नोंदी गमवायच्या नाहीत आणि हुकूम कोणी द्यायचा, हे आधीच लिहून ठेवावं आणि वर्षातून एक-दोनदा खरोखर करून पाहावं.

गिटहबने घटनेनंतर केलेल्या बदलांपैकी पहिला याच दिशेचा होता: ऑर्केस्ट्रेटरने प्रदेशाची सीमा ओलांडून प्रायमरी हलवायची नाही. एका प्रदेशाच्या आत यंत्राचा निर्णय चांगला चालत होता, तो त्यांनी तसाच ठेवला.