पिवळा दिवा आणि मागच्या सीटवरचे मित्र

चिरंजीव सोळाचे झाले, लायसन्स हातात आलं आणि आमच्या मंडळाच्या गप्पांत एक वाक्य सारखं कानावर पडू लागलं, 'या वयात ब्रेकच तयार नसतो हो!' ब्रेक म्हणजे कपाळामागचा मेंदू. तो पंचविशीपर्यंत घडत असतो, हे खरंच. पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही.

फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये पडून गाडी चालवण्याचा खेळ खेळायचा. चौकात दिवा पिवळा होतो. थांबलात तर थोडा वेळ जातो, दामटलीत तर वाचतो, धडकलात तर जास्तच जातो. एकटी असताना १४ ते १८ वयाची मुलं मोठ्यांइतकीच जपून चालवत होती. शेजारच्या खोलीतून मित्र बघताहेत म्हटल्यावर मात्र त्यांनी जास्त धोका पत्करला, मोठ्यांनी नाही. ब्रेकचा भाग मुलांमध्ये कमी काम करत होता, पण मित्र असोत-नसोत, सारखाच. वाढली ती बक्षिसाच्या आशेने जागणाऱ्या भागातली हालचाल.

माणसं अवघी ४०, तीही खेळात. तेव्हा जपूनच बोलावं. पण आमच्या कॅलिफोर्नियाचा नियमही मित्रांकडेच बघतो. पहिले १२ महिने, सोबत २५ किंवा त्याहून मोठं लायसन्सवालं माणूस नसेल, तर विशीच्या आतलं कुणी गाडीत बसवायचं नाही.

"आई, विश्वास नाही का माझ्यावर?"

"आहे रे. एकटा असशील तेव्हा."

तो काही हसला नाही.