मेथीचा लाडू, शतावरी आणि बाळाचं वजन

बाळंतिणीचं दूध कमी वाटलं की घरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. आजी मेथीच्या लाडवांचा डबा पुढे करते आणि मेडिकलमधून शतावरी कल्प येतो. पण दूध खरंच कमी आहे का, हे आधी पाहिलं जात नाही. बाळ सारखं रडतं, संध्याकाळी दर अर्ध्या तासाला प्यायला मागतं, छाती पहिल्या आठवड्यासारखी टणक राहत नाही. यांतलं कोणतंच लक्षण दूध कमी असल्याचा पुरावा नाही.

पुरावा लंगोटात आणि वजनकाट्यावर असतो. पाचव्या दिवसानंतर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला चोवीस तासांत निदान सहा वेळा भरपूर लघवी व्हायला हवी. समजा, जन्मवजन ३ किलो आहे. पहिल्या काही दिवसांत ते २ किलो ८०० ग्रॅमपर्यंत उतरलं तर घाबरायचं कारण नाही. दोन आठवड्यांच्या आसपास ते पुन्हा ३ किलोवर यावं आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. चौदाव्या दिवशीही काटा २ किलो ८०० ग्रॅमवरच असेल आणि लघवी तीन-चार वेळाच होत असेल, तर बाळाला दूध पुरत नाही. अशा वेळी ‘आठ दिवस कल्प घेऊन बघू’ हा सल्ला धोक्याचा आहे, कारण तेवढ्यात बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतं आणि सुस्तावलेलं बाळ आणखी कमी ओढतं.

दूध कमी पडण्यामागे बहुतेकदा छाती नीट रिकामी न होणं हेच कारण असतं. जेवढं दूध बाहेर निघतं, तेवढं नवं तयार होतं. बाळाच्या तोंडात नुसतं बोंडूक असेल तर आईला दुखतं आणि बाळाला थेंबथेंबच मिळतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली आणि बोंडकाभोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात असावा. मग घोट गिळल्याचा आवाज ऐकू येतो. त्यात वरचं दूध सुरू झालं की बाळ अंगावर कमी पितं आणि दूध खरोखरच आटू लागतं. कधी वारेचा तुकडा आत राहिलेला असतो, तर कधी आईला थायरॉइडचा त्रास असतो. त्यावर लाडू हा उपाय नव्हे.

मग या वनस्पतींचा उपयोग नाहीच का? शतावरीवर आपल्याच देशात चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. १९९६ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आलेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांमध्ये फरक दिसला नाही. २०११ साली ६० मातांवरच्या चाचणीत मात्र मुळाच्या चूर्णाने दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त वाढलं. मेथीच्या चाचण्याही लहान आहेत, काहींमध्ये मेथी इतर वनस्पतींबरोबर चहात होती. २०२० साली कॉक्रेन संस्थेने अशा उपायांवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा थोडा फायदा संभवतो, पण खात्री फार कमी, असंच चित्र निघालं. माझं मत असं की, पाजणं सुधारताना हे जोडीला घेतलं तर चालेल. पाजण्याऐवजी घेऊ नये.

भाजीतली, लाडवातली मेथी आणि मेथीच्या कॅप्सूल यांत फरक आहे. जास्त मात्रेत मेथी आईचं पोट बिघडवते, बाळालाही गॅस आणि जुलाब होऊ शकतात. ती रक्तातली साखर उतरवते, म्हणून इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर घेऊच नये. हरभरा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही जपून. गरोदरपणी तर औषधी मात्रा टाळावीच, कारण मेथीने गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

मेथी घेतल्यावर आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीला जळक्या साखरेसारखा गोड वास येतो. मेपल सिरप युरिन डिसीज या गंभीर आनुवंशिक आजारातही असाच वास असतो. प्रसूतीच्या सुमारास आईने मेथी घेतल्यामुळे नवजात बाळांमध्ये या आजाराचा चुकीचा संशय आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. म्हणून मेथी चालू आहे हे बालरोगतज्ज्ञांना सांगावं. मात्र बाळ सुस्त असेल, पीत नसेल, तर वासाचं खापर मेथीवर फोडून घरी थांबू नये.

शतावरीचा त्रास सहसा कमी होतो, पण बाजारातल्या बहुतेक कल्पांत साखरच जास्त असते. गरोदरपणी मधुमेह झालेल्या आईने दुधात दोन-दोन चमचे टाकण्याआधी डब्यावरची यादी वाचावी. शतावरीत इस्ट्रोजेनसारखे घटक असल्याने स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असणाऱ्यांनी ती स्वतःहून सुरू करू नये.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा, त्यात रात्रीचं पाजणं चुकवू नका. बाळ नीट ओढत नसेल तर दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्या. लघवी सहापेक्षा कमी, वजन अडलेलं किंवा बाळ उठवूनही पीत नसेल, तर लाडवाचा डबा बाजूला ठेवून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा.